शाफ्टवरचा सर्क्लिपचा ग्रूव्ह: व्यास, रुंदी आणि खोली कशी काढायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान शाफ्टवर बाहेरून बसणाऱ्या साध्या सर्क्लिपपुरतं आहे, म्हणजे दोन कानांत भोकं असलेली, प्लायरने उघडून चढवायची रिंग. जर्मन मानक डिन ४७१ आणि भारतीय मानक आयएस ३०७५ भाग १ यांच्या टेबलांत ती सापडते. बोअरच्या आत बसणाऱ्या रिंगचं टेबल वेगळं असतं. ते इथे घेतलेलं नाही. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत. उदाहरण एकच धरलं आहे आणि तेच शेवटपर्यंत चालवलं आहे: ३० मिमी शाफ्ट, त्यावर ६२०६ बेअरिंग, आणि बेअरिंग बाहेर सरकू नये म्हणून सर्क्लिप.

टेबल वाचायला सुरुवात कुठून करायची?

शाफ्टच्या व्यासापासून, आणि तोही रिंग जिथे बसणार त्या जागेच्या तयार व्यासापासून. टेबलात त्याला `d1` म्हणतात. `d1` ची ओळ सापडली की बाकी सगळं त्याच ओळीत आडवं मिळतं: रिंगची जाडी `s`, ग्रूव्हच्या तळाचा व्यास `d2`, ग्रूव्हची रुंदी `m`, खोली `t` आणि ग्रूव्हपासून शाफ्टच्या टोकापर्यंत ठेवायचं किमान अंतर `n`. रोज लागणाऱ्या काही ओळी खाली आहेत.

| शाफ्ट `d1` | रिंगची जाडी `s` | ग्रूव्हचा व्यास `d2` | `d2` ची सूट | रुंदी `m`, किमान | खोली `t` | टोकापर्यंत `n`, किमान |
|---|---|---|---|---|---|---|
| १५ | १.० | १४.३ | ० / −०.११ | १.१ | ०.३५ | १.१ |
| २० | १.२ | १९.० | ० / −०.१३ | १.३ | ०.५ | १.५ |
| २५ | १.२ | २३.९ | ० / −०.२१ | १.३ | ०.५५ | १.७ |
| ३० | १.५ | २८.६ | ० / −०.२१ | १.६ | ०.७ | २.१ |
| ३५ | १.५ | ३३.० | ० / −०.२५ | १.६ | १.० | ३.० |
| ४० | १.७५ | ३७.५ | ० / −०.२५ | १.८५ | १.२५ | ३.८ |
| ५० | २.० | ४७.० | ० / −०.२५ | २.१५ | १.५ | ४.५ |

आपल्या शाफ्टची ओळ ३० ची. रिंग १.५ जाड, ग्रूव्हचा व्यास २८.६, रुंदी कमीत कमी १.६, खोली ०.७ आणि टोकाला निदान २.१.

टेबल जवळ नसेल तर शाफ्टच्या व्यासावरून अंदाजाने खोली काढता येईल का?

नाही. वरच्या ओळी नीट पाहिल्या तर कारण दिसतं. २० च्या शाफ्टला खोली व्यासाच्या अडीच टक्के आहे, २५ ला ती २.२ टक्क्यांवर येते आणि ४० ला तीन टक्क्यांच्या वर जाते. ३० आणि ३५ या दोन्हींना रिंग १.५ जाडीचीच आहे, पण खोली ०.७ वरून थेट १.० होते. ही मापं कुठल्या एका गुणाकारातून आलेली नाहीत. पट्टीच्या ठरलेल्या जाड्या, रिंग किती उघडली तर कायमची वाकेल याची मर्यादा आणि शाफ्टवर उरणारं मटेरियल या तिन्हींची सांगड घालून प्रत्येक साइझ ठरवला आहे. त्यामुळे दोन ओळींच्या मधलं माप सरासरीने काढायचं नाही.

शाफ्टचा व्यास टेबलात नसेलच, समजा ४१ असेल, तर ४० ची रिंग ताणून ४१ वर चढवू नका. ती एकदा मर्यादेबाहेर उघडली की पुन्हा पूर्ण मिटत नाही, आणि ग्रूव्हमध्ये नुसती अडकल्यासारखी राहते. ग्रूव्हपासून टोकापर्यंतचा भाग ४० ला टर्न करून घ्या आणि ४० ची ओळ वापरा.

ड्रॉइंगवर खोली द्यावी की ग्रूव्हचा व्यास?

व्यासच द्यावा. या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तो मी चूक करून शिकलो आहे.

दोन्हींचं नातं सोपं आहे:

`t = (d1 − d2) / 2`

३० च्या शाफ्टला (३० − २८.६) ÷ २ = ०.७. कागदावर दोन्ही मापं सारखीच वाटतात. पण शॉपमध्ये खोली मोजायची तर ती कशापासून मोजायची, हा प्रश्न येतो. आमच्याकडे एका शाफ्टच्या बॅचला बेअरिंगची जागा ग्राइंडिंगला जाणार होती, म्हणून टर्निंगला ३०.४ ठेवली होती. ग्रूव्ह टर्निंगलाच मारायचा होता. ड्रॉइंगवर मी नुसतं "१.६ × ०.७ खोल" असं लिहिलं होतं. टर्नरने समोर असलेल्या ३०.४ पासून बरोबर ०.७ खोल टूल घातलं. त्याच्या बाजूने काम अगदी बरोबर झालं. ग्रूव्हचा व्यास आला २९.०. पुढे ग्राइंडिंगला वरचे ०.४ गेले आणि शाफ्ट ३० झाला. ग्रूव्ह मात्र २९.० लाच राहिला, म्हणजे हाती खोली आली फक्त ०.५.

रिंग चढली, वरून पाहिलं तर बसलीही. फरक डोळ्यांना दिसतच नव्हता. ब्लेड मायक्रोमीटर लावल्यावर चूक सापडली आणि सगळी बॅच पुन्हा लेथवर घ्यावी लागली. ग्राइंड झालेल्या शाफ्टवर ग्रूव्ह पुन्हा मारायचा म्हणजे बेअरिंगच्या जागेला चरा पडण्याची धास्ती असते. प्रत्येक शाफ्ट पितळी पट्टी लावून धरावा लागला.

त्यानंतर मी ड्रॉइंगवर `d2` आणि त्याची सूट लिहितो. खोली लिहिलीच तर "संदर्भासाठी" असं कंसात. `d2` हा शाफ्टच्या मध्यरेषेवरून ठरणारा व्यास आहे, त्यामुळे वरचं मटेरियल आधी काढा की नंतर, तो बदलत नाही.

ग्रूव्हच्या व्यासाला फक्त वजा सूट का असते?

रिंग मोकळी असते तेव्हा तिचा आतला व्यास ग्रूव्हपेक्षा लहान असतो. ३० च्या रिंगचा मोकळा आतला व्यास २७.९ आहे, आणि त्याला +०.२१ / −०.४२ अशी सूट आहे. म्हणजे बाजारातून आलेली सगळ्यात मोठी रिंगसुद्धा २८.११ ची निघेल. ग्रूव्ह २८.६ ते २८.३९ या दरम्यान असतो. सगळ्यात लहान ग्रूव्ह आणि सगळ्यात मोठी रिंग एकत्र आली तरी रिंगला ०.२८ ने उघडूनच राहावं लागतं. रिंग ग्रूव्हच्या तळाला घट्ट आवळून बसते ती या फरकामुळे.

व्यास २८.६ च्या वर गेला तर रिंग खाली बसली तरी खोली कमी पडते. याउलट ग्रूव्ह २८.३९ च्या खाली बराच गेला, तर रिंगची पकड संपते. ती शाफ्टवर मोकळी फिरू लागते आणि वेगात असताना आणखी उघडते. म्हणजे "थोडा खोल गेला तर काय बिघडतं" हे म्हणणं बरोबर नाही. सूट वजा असली तरी तिला शेवट आहे. मी प्रोग्रॅम करताना मधला आकडा, २८.५, धरतो.

रिंग १.५ जाड आहे, मग ग्रूव्ह १.६ का? जास्त रुंद झाला तर चालेल का?

१.५ ची रिंग खरं तर १.५० ते १.४४ दरम्यान असते. ती प्लायरने सोडल्यावर ग्रूव्हमध्ये सरळ, न अडता पडायला हवी. जाडीबरोबरीच्या ग्रूव्हमध्ये ती तिरकी अडकते. एका बाजूला बसते, दुसऱ्या बाजूला कडेवर राहते, आणि लोड आला की निसटते. म्हणून किमान रुंदी १.६. तिला एच१३ ची सूट आहे. ३ मिमीपर्यंतच्या मापाला एच१३ म्हणजे +०.१४. त्यामुळे १.६० ते १.७४.

रुंदी यापेक्षा थोडी वाढली म्हणून रिंग तुटत नाही, कारण लोड ग्रूव्हच्या एकाच भिंतीवर येतो. पण तीच भिंत नेमकी कुठे आहे, हे हातातून जाऊ देऊ नका. पुढचा प्रश्न त्याच्यासाठीच आहे.

ग्रूव्हची जागा कुठून कुठे मोजायची?

बेअरिंग बाहेर सरकायला बघतं, रिंगला ढकलतं, आणि रिंग ग्रूव्हच्या बाहेरच्या, म्हणजे बेअरिंगपासून लांबच्या भिंतीला टेकते. लोड घेणारी भिंत ती. म्हणून माप शाफ्टच्या खांद्यापासून, म्हणजे बेअरिंग जिथे टेकतं त्या स्टेपपासून, या लांबच्या भिंतीपर्यंत द्यावं. अनेक ड्रॉइंगवर ते जवळच्या भिंतीपर्यंत दिलेलं असतं, कारण काढताना ते सोयीचं वाटतं. त्याचा परिणाम आकड्यांतच पाहू.

६२०६ बेअरिंग १६ रुंद असतं, आणि साध्या अचूकतेच्या वर्गात त्याला ० / −०.१२ सूट असते. म्हणजे १६.०० ते १५.८८. त्यात रिंगची जाडी मिळवली की जास्तीत जास्त १७.५० आणि कमीत कमी १५.८८ + १.४४ = १७.३२ होतात. रिंग बसायलाच हवी, म्हणून खांद्यापासून लांबच्या भिंतीपर्यंतचं माप १७.५ च्या खाली जाता कामा नये. ते १७.५ ला +०.१ / ० असं दिलं, तर सगळ्यात वाईट स्थितीत बेअरिंगला हलायला १७.६ − १७.३२ = ०.२८ जागा मिळते.

आता तेच काम उलटं करून पाहा. जवळची भिंत १६ वर, +०.१ / ० सूट देऊन, आणि रुंदी १.६ ला +०.१४. लांबची भिंत १६.१ + १.७४ = १७.८४ पर्यंत जाऊ शकते. बेअरिंगला हलायला ०.५२ जागा. ग्रूव्ह, रिंग, बेअरिंग सगळं तेच, फक्त माप चुकीच्या भिंतीला दिलं आणि ढिलाई जवळजवळ दुप्पट झाली. रुंदीची सूट पहिल्या पद्धतीत बेअरिंगच्या बाजूला जाते, जिथे तिचा कुणाला त्रास नाही.

पहिल्या पद्धतीत जवळची भिंत १७.५ − १.६ = १५.९ वर येते, म्हणजे बेअरिंगच्या खाली किंचित शिरते. नवीन माणसाला हे चुकल्यासारखं वाटतं, पण तसं नाही. ६२०६ च्या आतल्या कडेला १ मिमीचा गोल असतोच, त्यामुळे बेअरिंग त्या जागी शाफ्टला टेकलेलंच नसतं.

०.२८ सुद्धा चालणार नसेल तर ग्रूव्हची सूट आवळून फार काही हाती लागत नाही, कारण त्यातले ०.१८ बेअरिंग आणि रिंगचेच आहेत. अशा वेळी बेअरिंग आणि रिंग यांच्यामध्ये पातळ शिम टाकतात. तेवढ्यासाठी ग्रूव्ह आधीच शिमच्या जाडीएवढा बाहेर न्यावा लागतो. डिन ९८८ मध्ये ही शिम मिळतात.

टोकापर्यंतचं अंतर `n` कमी ठेवलं तर?

लोड आला की ग्रूव्हची लांबची भिंत आणि शाफ्टचं टोक यांच्यातली कड वाकायला किंवा चिरडायला बघते. ती कड पुरेशी जाड हवी. टेबलातलं `n` साधारण `t` च्या तिप्पट आहे: ०.७ ला २.१, १.० ला ३.०. टोकाला चॅम्फर असेल तर मी तो `n` मध्ये धरत नाही. १ मिमीचा चॅम्फर असेल तर ग्रूव्हच्या भिंतीपासून टोकापर्यंत ३.१ ठेवतो. आपल्या शाफ्टला खांद्यापासून टोकापर्यंत १७.५ + ३.१ = २०.६ लांबी लागेल. जागा फारच अडचणीची असेल तर चॅम्फर अर्धा मिमीचा करा, पण कडेच्या २.१ ला हात लावू नका.

शाफ्ट कडक करायचा असेल तर ही काळजी आणखी घ्यावी लागते. पातळ कड हीट ट्रीटमेंटमध्ये आधी कडक होते आणि नंतर रिंग चढवताना तिचा तुकडा उडतो.

हा ग्रूव्ह किती लोड घेईल?

रिंगपेक्षा ग्रूव्ह आधी हार मानतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रिंग स्प्रिंग स्टीलची असते, शाफ्ट त्यामानाने मऊ. म्हणून मोजायचं ते ग्रूव्हच्या भिंतीचं क्षेत्रफळ:

`A = π/4 × (d1² − d2²)`

`F = A × σ / 1.2`

`σ` म्हणजे शाफ्टच्या मटेरियलची यील्ड स्ट्रेंथ. `1.2` हा भाग `n` हे `t` च्या तिप्पट असेल तेव्हाचा आहे. कड त्याहून अरुंद असेल तर तो वाढतो आणि लोड घटतो. टेबलातले लोडचे आकडे २०० न्यूटन प्रति चौरस मिमी यील्ड धरून काढलेले असतात.

आपल्या ग्रूव्हला क्षेत्रफळ येतं ६४.४ चौरस मिमी. ६४.४ × २०० ÷ १.२ म्हणजे १०,७०० न्यूटनच्या आसपास, साधारण १,०९० किलो वजनाइतका जोर. यात सुरक्षेचा भाग धरलेला नाही. स्थिर लोडला मी निदान दोनाने भागतो, धक्के असतील तर त्याहून जास्त. शाफ्टचं मटेरियल जास्त यील्डचं असेल तर आकडा त्याच प्रमाणात वाढतो.

आता वर सांगितलेली २९.० वाली बॅच घ्या. क्षेत्रफळ येतं ४६.३, लोड ७,७०० न्यूटनच्या आसपास. खोलीत ०.२ ची चूक, आणि ताकद चौथ्या हिश्श्याहून जास्त गेली.

बेअरिंगच्या कडेचा गोल इथेही मोजावा लागतो. रिंगला टेकणाऱ्या भागाची कड मोठी गोल किंवा चॅम्फर केलेली असेल, तर जोर रिंगच्या बाहेरच्या कडेजवळ पडतो आणि रिंग छत्रीसारखी वळते. त्या स्थितीत रिंगची स्वतःची क्षमता फार घटते आणि ती ग्रूव्हच्याही खाली जाऊ शकते, म्हणून टेबलात तिच्यासाठी वेगळा स्तंभ असतो. गोल मोठा असेल तर मध्ये सपाट, चौकोनी कडेचा वॉशर टाका.

ग्रूव्हच्या कोपऱ्यात गोलाई किती चालते?

लोड घेणाऱ्या भिंतीच्या मुळाशी रिंगच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. १.५ च्या रिंगला ०.१५. त्याहून मोठी गोलाई असेल तर रिंग तळाशी बसण्याआधी त्या गोलाईवर चढते. भिंतीची वरची कडही चौकोनी हवी. बर काढायच्या नादात त्या कडेला मोठा चॅम्फर मारलेले शाफ्ट मी पाहिले आहेत. खोली ०.७ असताना कडेवर ०.३ चा चॅम्फर मारला तर रिंगला टेकायला उरतं काय? बर बारीक ऑइल स्टोनने काढा, फाइल लावू नका.

कोपरा तीक्ष्ण ठेवायचा म्हणजे तिथे ताण एकवटणारच. शाफ्ट वाकत्या लोडखाली फिरत असेल तर तडा या ग्रूव्हपासून सुरू होऊ शकतो. म्हणून सर्क्लिपचा ग्रूव्ह टोकाकडे, बेअरिंगच्या बाहेर ठेवतात, जिथे वाकवणारा जोर नसल्यातच जमा असतो. गिअर आणि बेअरिंगच्या मध्ये, जोराच्या ऐन वाटेत ग्रूव्ह द्यायची वेळ आली तर मी सर्क्लिप सोडून स्लीव्ह वापरतो.

सीएनसीवर ग्रूव्ह कसा मारायचा?

सर्क्लिपच्या ग्रूव्हिंग इन्सर्ट टेबलातल्याच रुंदीच्या मिळतात: १.१, १.३, १.६, १.८५, २.१५. एका फटक्यात पूर्ण रुंदी कापली जाते. शाफ्टच्या टोकावर Z शून्य धरून आणि लांबची भिंत टोकापासून ३.१ वर ठेवून आपला ग्रूव्ह असा येतो:

```
G00 X32.0 Z-4.7
G01 X28.5 F0.05
G04 P300
G00 X32.0
```

Z −४.७ का, तर टूल चकच्या बाजूच्या कोपऱ्यावर सेट केलं आहे आणि ३.१ + १.६ = ४.७. इथे एक फसगत आहे. इन्सर्ट खरोखर १.६५ रुंद निघाली तर लांबची भिंत ३.०५ वर येईल. कड अरुंद होईल आणि बेअरिंगची ढिलाई ०.०५ ने वाढेल. म्हणून नवी इन्सर्ट लावली की तुकड्यावर एक ग्रूव्ह मारून रुंदी मोजा आणि Z त्याप्रमाणे बदला.

G04 ची थांबण्याची वेळ तळ गोल येण्यासाठी आहे. शाफ्ट निदान एक पूर्ण फेरा फिरेपर्यंत टूल तळाशी थांबायला हवं. ५०० आरपीएमला एक फेरा ०.१२ सेकंदाचा, त्यामुळे ३०० मिलिसेकंद पुरतात. थांबलं नाही तर एका बाजूला खोली कमी राहते आणि रिंग तिथेच उचललेली दिसते.

खांदा आणि ग्रूव्ह शक्यतो एकाच सेटिंगमध्ये घ्या. खांद्याचा फेस नंतर ग्राइंडिंगला जाणार असेल तर ग्राइंडिंगने जेवढा फेस कमी होईल तेवढा ग्रूव्ह आधीच आत, म्हणजे खांद्याकडे घ्यावा लागतो. कारण ग्राइंडिंगनंतर १७.५ चं माप तेवढ्याने वाढतं.

१.६ रुंदीच्या ग्रूव्हचा व्यास मोजायचा कसा?

साध्या मायक्रोमीटरची टोकं ग्रूव्हमध्ये शिरतच नाहीत. ०.७५ जाडीच्या पात्यांचा ब्लेड मायक्रोमीटर मिळतो, तो घ्या. व्हर्नियरच्या जबड्यांची पातळ टोकं लावून चालतं, पण ती तिरकी बसली की व्यास मोठा दिसतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी फिरवून सगळ्यात लहान आकडा धरा. रुंदीसाठी १.६० ची पट्टी जायला हवी आणि १.७४ ची जाता कामा नये. स्लिप गेज जुळवून दोन्ही करता येतात.

चढवलेली रिंग नीट बसली आहे हे कसं ओळखायचं?

प्लायर सोडल्यावर रिंग टणकन बसल्याचा आवाज येतो, पण नुसत्या आवाजावर भागत नाही. रिंगच्या कानांच्या समोरच्या बाजूला बारीक स्क्रू-ड्रायव्हरने दाबून पाहा. ती आणखी खाली जात असेल तर अजून तळाशी पोचलेली नव्हती. बोटाने सहज गरगर फिरणारी रिंग म्हणजे एकतर ग्रूव्ह खोल गेला आहे किंवा रिंग चढवताना जास्त उघडली गेली आहे. कुठलं ते ओळखायला पाकिटातली नवी रिंग चढवून पाहा. तीही फिरली तर दोष ग्रूव्हचा.

पंचिंगने बनलेल्या रिंगची एक कड तीक्ष्ण असते, दुसरी किंचित गोल. नखाने लगेच कळतं. तीक्ष्ण कड बेअरिंगपासून लांब, म्हणजे लोड घेणाऱ्या भिंतीकडे ठेवा. उलटी बसवली तर गोल कड भिंतीला लागते, आणि ०.७ खोलीतली काही टेकण्याची जागा तिथेच जाते.

काढलेली रिंग परत वापरू का?

मोकळी ठेवून तिचा आतला व्यास मोजा. ३० च्या रिंगला तो २८.११ पेक्षा जास्त भरला तर ती ताणली गेली आहे, टाकून द्या. सपाट काचेवर ठेवून पाहा, डुलत असेल तरी टाकून द्या. गिअरबॉक्स एकदा उघडला की मी मापात असलेली रिंगसुद्धा बदलतो, कारण नवीन रिंग काही रुपयांत येते आणि ती निसटली तर पुन्हा सगळं उघडावं लागतं.